टीव्हीवर चित्र आहे, पण साउंडबार गप्प, तोही एकाच अ‍ॅपवर

गवाक्ष
चार दिवस खटपट करून थकले, म्हणून इथे विचारते आहे.

टीव्ही तीन वर्षांचा आहे. साउंडबार त्याहून जुना, सोबत वेगळा सबवूफर. बारला एचडीएमआयचं एकच पोर्ट आहे आणि त्यातून निघालेली केबल टीव्हीच्या दोन नंबरच्या पोर्टात जाते, ज्याच्या शेजारी ARC असं छापलंय. मागच्या आठवड्यात नवा स्ट्रीमिंग बॉक्स घेतला, तो टीव्हीच्या एक नंबरच्या पोर्टात लावला. घोळ तेव्हापासून सुरू झाला.

बॉक्सच्या मेनूत इकडेतिकडे फिरताना होणारी टिकटिक बारमधून व्यवस्थित येते. एका अ‍ॅपवरच्या बातम्या, मुलाखती, गाणी सगळं ऐकू येतं. दुसऱ्या अ‍ॅपवर सिनेमा लावला की चित्र झकास आणि आवाज शून्य. रिमोटने आवाज वाढवला तर पडद्यावरचा आकडा वाढतो, बाजूला बारचं चिन्हही दिसतं. तोच सिनेमा चालू ठेवून टीव्हीचा स्वतःचा स्पीकर निवडला की लगेच आवाज येतो!

आईला कमी ऐकू येतं. बारमधून संवाद तिला स्पष्ट कळतात, टीव्हीच्या स्पीकरमधून नुसता गोंगाट वाटतो. त्यामुळे "टीव्हीचाच स्पीकर वापरा" हा उपाय आमच्या कामाचा नाही. बार खराब झालाय का?

मंदार७७
केबल बदला. जुन्या केबलवर एआरसी नीट चालत नाही. आणि खरं सांगायचं तर ईएआरसी असलेला बार घ्या, हे सगळे प्रश्नच मिटतात. माझ्याकडे आवाज अजिबात येत नव्हता, केबल बदलली आणि त्याच मिनिटाला सुरू झाला.

तारायंत्र
गवाक्ष, बार खराब नाही, केबलही नाही. तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की उत्तर तुमच्याच वर्णनात आहे.

मंदार म्हणतात ते त्यांच्या बाबतीत खरं असणार. लोक "चित्र येतंय म्हणजे केबल चांगली" असं धरून चालतात आणि तिथे फसतात, कारण या जोडणीत बारच्या केबलमधून चित्र जातच नाही. चित्र बॉक्सच्या केबलने टीव्हीत येतं. बारच्या केबलमधून फक्त आवाज टीव्हीकडून मागे जातो, म्हणून तर त्याला रिटर्न चॅनल म्हणतात. तो आवाज केबलमधल्या एकोणीसपैकी मुख्यतः चौदा नंबरच्या तारेवरून जातो. ती तार तुटली तर टीव्हीचं चित्र छान राहील आणि बार कायमचा गप्प होईल. मात्र तुमच्याकडे मेनूची टिकटिक आणि बातम्या त्याच तारेवरून येताहेत. तार शाबूत आहे, टीव्ही आणि बारची ओळखही पटलेली आहे. ओळख पटली नसती तर आवाज वाढवताना बारचं चिन्ह दिसलंच नसतं.

आता टीव्हीच्या स्पीकरची गोष्ट. त्यातून सिनेमा ऐकू येतो, म्हणजे बॉक्सपासून टीव्हीपर्यंत आवाज धडधाकट पोचतोय आणि टीव्हीला तो उलगडताही येतोय. पुढच्या टप्प्यात बारला तो उलगडत नाही. आवाज पोचतोय, पण अशा बांधणीत की ती बारला येत नाही.

माझा अंदाज असा. ते सिनेमाचं अ‍ॅप आवाज डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये पाठवतं. बातम्यांचं अ‍ॅप साधा दोन चॅनलचा आवाज देतं, तो बॉक्सकडून पीसीएम म्हणून निघतो आणि कुठलाही बार तो वाजवतो. तुमचा जुना बार बहुधा साध्या डॉल्बी डिजिटलपर्यंतच शिकलेला आहे. नावं सारखी असली तरी प्लस ही वेगळी बांधणी आहे, साधं डॉल्बी डिजिटल येणाऱ्याला प्लस येईलच असं नाही.

दोन गोष्टी बघून सांगा. बारच्या मागे किंवा तळाशी डॉल्बीचा शिक्का असेल, त्याखाली नेमकं काय लिहिलंय? आणि सिनेमा चालू असताना बारच्या पट्टीवर कुठली अक्षरं येतात?

कौमुदी
माझाही अगदी हाच त्रास! आवाज चित्राच्या मागे राहतो. ओठ हलून जातात आणि शब्द नंतर येतात. बार ब्लूटूथने जोडलाय.

तारायंत्र
कौमुदी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे आवाज येतो, उशिरा येतो. ब्लूटूथवर पाठवण्याआधी आवाज दाबून बांधावा लागतो आणि तिकडे पुन्हा सोडवावा लागतो, त्यात वेळ जातो. टीव्हीत आवाजाचा उशीर जुळवण्याची पट्टी असेल तर ती सरकवून बघा. बारला एचडीएमआय किंवा ऑप्टिकल असेल तर मात्र ब्लूटूथ सोडाच. अडलं तर वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

गवाक्ष
टॉर्च घेऊन बार उलटा केला. डॉल्बीचे दोन उलटसुलट D आहेत, खाली फक्त DOLBY DIGITAL. प्लस कुठेही नाही. शेजारी DTS चा शिक्काही आहे.

पट्टीबद्दल: बातम्या लावल्या की सुरुवातीला PCM असं सरकत जातं. सिनेमा लावल्यावर काहीच येत नाही, इनपुटचं नाव तेवढं दिसत राहतं. हे इतके दिवस डोळ्यांसमोर होतं, कधी लक्षच दिलं नाही.

अजून एक. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट `Pass Through` वर आहे. बॉक्स लावताना मीच केलं, कारण त्याने आवाजाची प्रत सगळ्यात चांगली राहते असं वाचलं होतं.

दगडफूल
मग ते `PCM` करा, विषय संपला. मी सगळ्यांना हेच सांगतो. पीसीएम प्रत्येक बार वाजवतो.

तारायंत्र
दगडफूल, आवाज येईल हे अगदी खरं. तपासणी म्हणून मीसुद्धा आधी पीसीएमच लावून बघतो. `PCM` केल्यावर आवाज आला तर जोडणी ठीक आणि भांडण बांधणीचं. तरीही आला नाही तर जोडणीकडेच परत जायचं. मुक्कामाला मात्र मी तिथे थांबणार नाही. एआरसीवरून पीसीएम फक्त दोन चॅनलचं जातं. सिनेमाच्या ५.१ आवाजात संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर असतात. टीव्हीने ते सगळं डाव्या-उजव्यात कालवलं की संवाद संगीतासोबत मिसळून येतात. यांच्या आईला नेमकी त्याचीच अडचण आहे.

गवाक्ष, आता `Pass Through` बद्दल. त्याचा अर्थ टीव्हीने मधे हात घालायचा नाही, आलं तसं पुढे ढकलायचं. बारला सगळं येत असेल तर ते उत्तमच. पण बॉक्स काय पाठवायचं ते ठरवताना बारला विचारत नाही. त्याची केबल टीव्हीत आहे, म्हणून तो टीव्हीला विचारतो, "तुला काय काय येतं?" टीव्ही स्वतःच्या स्पीकरसाठी डॉल्बी डिजिटल प्लस उलगडू शकतो, तो म्हणतो, "मला प्लस येतं." बॉक्स त्याच्या शब्दावर प्लस पाठवतो, टीव्ही ते न उघडता बारकडे सरकवतो आणि बार गप्प. तिघांपैकी कुणीही बिघडलेलं नाही.

ते सेटिंग `Auto` करा. बारशी ओळख पटते तेव्हा टीव्ही त्याला काय वाजवता येतं हेही विचारून ठेवतो. `Auto` मध्ये त्याने ते लक्षात घेऊन प्लसचं साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करायला हवं. बहुतेक टीव्ही करतात, काही मात्र सरळ पीसीएमवर उतरतात. तुमचा काय करतो ते पट्टीवर कळेल.

ते नाहीच जमलं तर बॉक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे डॉल्बी डिजिटल पक्कं करा, म्हणजे बॉक्सच रूपांतर करून पाठवेल. सेटिंग बदलल्यावर सिनेमातून पूर्ण बाहेर पडून तो पुन्हा लावा. चालू सिनेमावर बदल केला तर कधीकधी जुनीच बांधणी चालू राहते आणि आपल्याला वाटतं फरक पडला नाही.

मंदार७७
पण ईएआरसी असतं तर हे झालंच नसतं ना?

तारायंत्र
झालं असतं. ईएआरसीने रस्ता रुंद होतो. एआरसीवर सेकंदाला साधारण एक मेगाबिट आवाज जातो, ईएआरसीवर सदतीसपर्यंत. त्यामुळे डिस्कवरचा ट्रूएचडी किंवा अनेक चॅनलचा पीसीएम जाऊ शकतो, जो एआरसीवर जात नाही. पण बारला जी बांधणी उलगडता येत नाही ती रुंद रस्त्याने आली तरी उलगडणार नाही. आणि डॉल्बी डिजिटल प्लस साध्या एआरसीवरूनही जातं. स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉसही त्याच प्लसमध्ये बसून येतो, बारला तो कळत असेल तर एआरसी पुरतं. यांना नवा बार घ्यायला लावायचं कारण मला तरी दिसत नाही.

गवाक्ष
आवाज आला!! `Auto` केलं, सिनेमातून बाहेर पडून पुन्हा लावला. दोनएक सेकंद शांतता, मग पट्टीवर DOLBY DIGITAL सरकलं आणि आवाज सुरू. आई आतल्या खोलीतून बाहेर आली.

आता नवीनच दुसरी अडचण. भावाने पेनड्राइव्हवर एक सिनेमा दिलाय. तो टीव्हीलाच लावला तर चित्र येतं, आवाज नाही. या वेळी टीव्हीच्या स्पीकरमधूनही नाही. पडद्यावर खाली बारीक अक्षरांत येऊन जातं की आवाजाचा प्रकार चालत नाही. `Pass Through`, `Auto`, `PCM` तिन्ही करून पाहिले.

दगडफूल
हे तेच दुखणं. बॉक्सवर डॉल्बी डिजिटल पक्कं करा.

तारायंत्र
बॉक्सचा इथे संबंधच नाही, पेनड्राइव्ह सरळ टीव्हीत आहे. आणि दुखणंही वेगळं आहे. मघाशी टीव्हीला उलगडत होतं, बारला नाही. आता टीव्हीलाच उलगडत नाही. हा फरक ओळखायला टीव्हीच्या स्पीकरची चाचणी पुरते आणि गवाक्षनी ती स्वतःहून केली.

फाइलमधला आवाज डीटीएस असावा. मधली काही वर्षं बऱ्याच टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलेलं होतं, ना उलगडतात ना पुढे ढकलतात. बारवर DTS चा शिक्का असूनही उपयोग नाही, कारण बारपर्यंत ते पोचतच नाही. बारला वेगळं एचडीएमआय इनपुट असतं तर प्लेअर आधी बारला लावून चित्र टीव्हीकडे नेता आलं असतं. तुमच्या बारला ती सोय नाही.

आधी सिनेमात दुसरा आवाज आहे का बघा. चालू असताना ऑडिओ ट्रॅकच्या पर्यायात कधीकधी डॉल्बीचाही असतो. नसेल तर फाइल संगणकावर घ्या. ffmpeg बसवलेलं असेल तर आत काय आहे ते एका ओळीत कळतं:

```
ffprobe -v error -select_streams a -show_entries stream=codec_name,channels -of csv=p=0 cinema.mkv
```

उत्तर `dts,6` आलं तर डीटीएस आणि सहा चॅनल. मग नुसता आवाज बदलायचा, चित्राला हात लावायचा नाही:

```
ffmpeg -i cinema.mkv -map 0 -c copy -c:a ac3 -b:a 640k cinema-ac3.mkv
```

`ac3` म्हणजेच साधं डॉल्बी डिजिटल, आणि 640k ही त्याची कमाल मर्यादा. चित्र जसंच्या तसं उचललं जातं, त्यामुळे फार वेळ लागत नाही. मूळ फाइल पुसू नका. डीटीएस पुन्हा बांधताना थोडं निसटतं, आणि उद्या टीव्ही बदलला तर मूळ फाइलच लागेल.

वसंत_प
मी साठी ओलांडलेला माणूस, तुमचं बांधणीचं सगळं कळलं असं नाही. माझा अनुभव लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सेट टॉप बॉक्स चालू केला की टीव्ही आपोआप चालू व्हायचा, त्याचा वैताग आला. नातवाने टीव्हीच्या सेटिंगमधून काहीतरी बंद करून दिलं आणि ते थांबलं. दुसऱ्या दिवसापासून साउंडबार बंद. चित्र आहे, आवाज टीव्हीतूनच. दोन्ही गोष्टींचा संबंध असेल असं वाटलंच नाही. दुरुस्तीवाले येऊन बार चांगला आहे म्हणून गेले, तरी वाजेना.

तारायंत्र
काका, संबंध आहे आणि पुष्कळांचं असंच होतं. नातवाने सीईसी बंद केलं. एकमेकांना चालू-बंद करण्याचे निरोप त्यावरूनच जातात आणि एआरसीची ओळखही त्याच निरोपांनी पटते. ते बंद झालं की एआरसी बंद. टीव्हीच्या मेनूत सीईसी हे नाव क्वचितच सापडतं, प्रत्येक कंपनीने आपलं नाव ठेवलंय: `Anynet+`, `SIMPLINK`, `BRAVIA Sync`, `EasyLink`. ते पुन्हा चालू करा आणि त्याच पानावर "दुसऱ्या उपकरणाने टीव्ही चालू करावा" असा वेगळा पर्याय असेल तर तेवढाच बंद ठेवा. टीव्हीत तो नसला तर सेट टॉप बॉक्सच्या बाजूने सीईसी बंद करता येतं का बघा.

त्यानंतर टीव्ही आणि बार दोन्ही बंद करून प्लगही काढा. पाचेक मिनिटांनी आधी बार चालू करा, मग टीव्ही. नुसतं रिमोटने बंद केलं तर आतली जुनी ओळख तशीच राहते.

वसंत_प
`SIMPLINK` सापडलं, बंदच होतं. चालू केलं, प्लग काढून पुन्हा लावले, बार वाजतोय. टीव्ही मात्र पुन्हा आपोआप चालू होतो. तुम्ही म्हणता तो वेगळा पर्याय माझ्या टीव्हीत दिसला नाही. सेट टॉप बॉक्समध्ये शोधायला रविवारी नातू येईल.

रात्रपाळी
तारायंत्र, माझंही बघाल का? बांधणीचा प्रश्न नसावा, कारण एकदा आवाज सुरू झाला की दिवसभर सगळं वाजतं. पण रात्री टीव्ही बंद करून सकाळी चालू केला की बार गप्प. आवाज वाढवताना बारचं चिन्ह नसतं, टीव्हीच्या स्पीकरचं असतं. सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही स्पीकर निवडून पुन्हा बार निवडला की येतो. रोज सकाळी हेच.

तारायंत्र
चिन्ह नाही म्हणजे ओळखच पटत नाहीये, हा निदान बांधणीचा प्रश्न नाही हे बरोबर. टीव्ही जागा होतो तेव्हा बार अजून झोपेत असावा, टीव्ही हाक मारतो आणि उत्तर न आल्यावर स्वतःच्या स्पीकरवर जातो. टीव्हीत लवकर चालू होण्याचा पर्याय असेल तो बंद करून बघा, म्हणजे तो रोज पहिल्यापासून सुरू होईल. बारमध्ये आपोआप झोपण्याचा पर्याय असेल तर तोही बंद. आणि एचडीएमआयला अजून काय काय जोडलंय?

रात्रपाळी
गेम कन्सोल आणि डिस्क प्लेअर. दोन्हींत सीईसी चालू आहे.

तारायंत्र
दोन्हींतलं बंद करा, टीव्ही आणि बारमधलं तेवढं राहू द्या. एकाच तारेवर चौघं बोलत असतील तर निरोप हरवतात. आठवडाभर बघून इथे लिहा.

मंदार७७
+१. केबलबद्दल मी घाई केली. गवाक्षकडे टिकटिक येत होती हे वाचूनही लक्षात आलं नाही.

गवाक्ष
`dts,6` च आलं. दुसरा ट्रॅक नव्हता. दिलेली ओळ चालवली, साडेतीन मिनिटांत नवी फाइल तयार. टीव्हीला लावली आणि बारवर DOLBY DIGITAL आलं. मधल्या एका प्रसंगात दोघी बहिणी कुजबुजत बोलतात, आईने पहिल्यांदा "काय म्हणाली?" असं विचारलं नाही. तारायंत्र, मनापासून आभार.

एक राहिलं. सिनेमाच्या अ‍ॅपवर जाहिरात आली की सेकंदभर आवाज गायब होतो, मग PCM सरकतं. जाहिरात संपली की पुन्हा सेकंदभर गायब आणि DOLBY DIGITAL. बॉक्सवर डॉल्बी डिजिटल पक्कं केलं तर हे थांबेल का?

तारायंत्र
जाहिरात दोन चॅनलची असते, सिनेमा ५.१. बांधणी बदलली की बार नव्याने कुलूप लावतो, तेवढा वेळ गप्प राहतो. काही बॉक्स डॉल्बी डिजिटल पक्कं केल्यावर जाहिरातीही त्यातच बांधून पाठवतात, मग हा खंड जातो. काही दोन चॅनलचा आवाज तरीही पीसीएमच ठेवतात. करून बघा आणि पट्टी काय म्हणते ते लिहा.

रात्रपाळी
चार दिवस सकाळी पहिल्याच फटक्यात आवाज आला, वाटलं सुटलं. आज पाचव्या दिवशी पुन्हा गप्प. कन्सोल, प्लेअर दोन्हींतलं सीईसी बंदच आहे, लवकर चालू होण्याचा पर्यायही बंद. एक लक्षात आलं, काल रात्री टीव्हीच्या आधी बार रिमोटने हाताने बंद केला होता. आजपासून बारला हात न लावता नुसता टीव्हीच बंद करून बघतो.